शंभर बरण्यांचं कैरीचं लोणचं घातलं की प्रत्येक बरणी वेगळी का निघते? (आमच्याकडे काय चुकत होतं आणि काय केल्यावर थांबलं)

आधी समस्या नीट सांगते, म्हणजे तुमचीही हीच आहे का ते कळेल. ३ किलो फोडींचं लोणचं घातलं की अर्ध्या किलोच्या १० बरण्या निघतात आणि दहाही सारख्या लागतात. तेच प्रमाण दहापट करून ३० किलो फोडींचं घातलं की शंभरातल्या काही खारट, काही अळणी, काहींवर दीड महिन्यात पांढरी साय, काहींचं झाकण उघडताना फस्स करून हवा सुटते, आणि उरलेल्या एकदम मस्त, आईच्या हातच्यासारख्या. एकाच दिवशी, एकाच पातेल्यातलं लोणचं! गिऱ्हाईक म्हणतं मागच्या वेळी छान होतं यावेळी बिघडलं, आणि त्याच बॅचची बरणी दुसऱ्याला इतकी आवडते की तो चार अजून मागवतो. आता कोणाचं ऐकायचं?

आम्ही सांगलीत घरूनच करतो, मी, सासूबाई आणि मदतीला दोघीजणी. बचत गटाच्या प्रदर्शनानंतर ऑर्डर एकदम वाढली आणि सलग दोन सीझन आमचा हाच घोळ झाला. पहिल्या वर्षी सगळं खापर कैरीवर फोडलं, दुसऱ्या वर्षी मिठावर. दोन्ही चूक निघालं.

आमचं प्रमाण सांगून ठेवते, पुढचे आकडे त्यावरच आहेत. कोय काढलेल्या १ किलो फोडींना १८० ग्रॅम मीठ, १०० ग्रॅम मोहरीची डाळ, ८० ग्रॅम तिखट, २० ग्रॅम हळद, १५ ग्रॅम मेथी, १० ग्रॅम हिंग आणि ३०० ग्रॅम तेल. तेलसुद्धा वजनावर घ्यायचं, मापाने नाही. सगळं मिळून १७०५ ग्रॅम होतं आणि त्यात मीठ साधारण साडेदहा टक्के पडतं. तुमचं प्रमाण वेगळं असेल तर असू दे, चवीचा वाद इथे नकोच. फक्त एकदा कागदावर बेरीज करून मिठाचा टक्का काढा, बऱ्याच जणींनी तो कधी काढलेलाच नसतो.

पहिला संशय मापावर गेला आणि तो अगदीच खोटा नव्हता. सासूबाईंचं सगळं वाटीने. आमच्या त्या वाटीत बारीक मीठ १८० ग्रॅम बसतं आणि खडेमीठ जेमतेम १५०, म्हणजे दुकानदाराने मीठ बदललं की लोणचं बदललं. तीन वाट्या मोजताना सहसा कोणी चुकत नाही पण तीस वाट्या मोजताना मधेच फोन येतो आणि मग सतरा झाल्या का अठरा यावर दोघींत वाद. म्हणून काटा आणला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, माझा हातच काटा आहे." मी म्हटलं, "आई, तुमचा हात तीन किलोचा काटा आहे, तीस किलोचा नाही." हसल्या, पण काट्यावर मोजू दिलं.

काटा आला, पुढच्या बॅचचं एकूण मीठ ग्रॅमपर्यंत बरोबर पडलं, आणि तरीसुद्धा बरण्या वेगवेगळ्याच निघाल्या! इथेच खरं तर डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, की एकूण बरोबर आहे पण वाटणी बरोबर नाही, पण मला ते कळायला अजून एक बॅच वाया घालवावी लागली.

कळलं कसं तर एका फालतू वाटणाऱ्या गोष्टीमुळे. बरण्या भरताना ज्या क्रमाने भरल्या त्या क्रमाने झाकणावर मार्करने नंबर टाकले, १ ते १००. आणि तक्रार आली की फक्त विचारायचं, झाकणावर नंबर काय आहे हो? दोन महिन्यांत वहीत जे चित्र दिसलं ते बघून मी कपाळावर हात मारला. फस्स होणाऱ्या आणि अळणी सगळ्या पहिल्या पंचविसातल्या. साय आलेल्या जवळपास सगळ्या ४० ते ७० मधल्या. "फार खारट आहे, नुसता खार आहे" वाल्या ऐंशीच्या पुढच्या. म्हणजे बिघाड मनमानी नव्हताच, पातेल्यात वरून खालपर्यंत जे थर होते तेच थर बरण्यांमधे उतरत होते.

आता हे का होतं ते समजून घ्या, कारण उपाय सगळे यातूनच निघतात. मोठ्या उभ्या पातेल्यात लोणचं कालवून ठेवलं की तेल वर येतं, फोडी मधे राहतात आणि मिठाचा खार, मोहरीची डाळ आणि तिखट तळाला बसतं. डावाने वरून भरत गेलं तर पहिल्या बरण्यांत भरपूर तेल, फोडी आणि मसाला नावाला. मधल्यांत फोडी आणि मसाला ठीक पण तेल संपलेलं, म्हणजे फोडीची टोकं वर उघडी राहतात आणि साय धरते ती तिथेच. शेवटच्यांत राड. ३ किलोच्या पातेल्यात हे होत नाही असं नाही, होतंच, पण ते पातेलं वीतभर खोल असतं आणि दर बरणीला हात तळापर्यंत जातो, भरतानाच आपोआप कालवलं जातं. ५० किलोच्या पातेल्यात कोणाचा हात तळाला पोचतोय?

आणि एक गैरसमज माझाही होता की मुरलं की सगळं सारखं होईल. मुरताना मीठ सारखं होतं हे खरं, पण ते त्या एका बरणीच्या आत. १२ नंबरच्या बरणीतलं मीठ उडी मारून ९० नंबरच्या बरणीत जात नाही. झाकण लागल्यावर जी वाटणी झाली तीच कायमची.

तुमच्याकडे हाच प्रकार आहे का हे आधी तपासा. दोन महिने तक्रारींची वाट बघायची गरज नाही, पाण्याचा टीडीएस मोजायचा मीटर मिळतो ना, आरओवाले वापरतात तो पेनासारखा, त्याने दुसऱ्या दिवशीच कळतं. सुरुवातीची, मधली आणि शेवटची अशी तीन बरण्यांतून तेल निथळून प्रत्येकी ५० ग्रॅम लोणचं फोडी-मसाल्यासकट घ्या आणि मिक्सरला एकजीव वाटा. त्यातलं ५ ग्रॅम घेऊन ४९५ ग्रॅम आरओच्या पाण्यात नीट ढवळा, दहा मिनिटं ठेवा, कपड्यातून गाळा आणि मीटर बुडवा. नुसत्या पाण्याचं रीडिंग आधी घेऊन ते वजा करायचं. माझ्याकडे ८ नंबरच्या बरणीचं १०१० आलं, ५५ नंबरचं १३२० आणि ९४ नंबरचं १६९०. यावरून मिठाचा खरा टक्का काढायला जाऊ नका, कैरीचा आंबटपणाही मीटरला थोडा दिसतो आणि तो झाडागणिक बदलतो. पण एकाच बॅचच्या बरण्या एकमेकींशी ताडून बघायला हे बास आहे. पहिल्या आणि शेवटच्या बरणीत एवढी तफावत असेल तर तुमची रेसिपी बरोबर आहे, कालवणं आणि भरणं चुकतंय. तिन्ही जवळजवळ सारखे आले आणि तरी लोणचं बिघडतंय, तर कारण दुसरं आहे, ओल्या बरण्या किंवा गरम तेल, ते खाली सांगते.

आता उपाय. सगळ्यात मोठा बदल म्हणजे आम्ही ३० किलोचं एक लोणचं घालणंच बंद केलं. १० किलो फोडींचे तीन लॉट घालतो, एकाच दिवशी, एका मागोमाग एक, प्रत्येकाचं मीठ मसाला तेल आधी वेगळं मोजून ठेवलेलं. एका लॉटचं लोणचं होतं १७ किलो, ते पसरट परातीवजा भांड्यात मावतं आणि कालवणाऱ्या बाईचा हात तळाला लागतो. माझा नियम एवढाच, जेवढं हाताने तळापासून वर उलथता येतं तेवढाच लॉट. तुमचा हात १५ किलोला पुरत असेल तर १५ करा.

पण तीन लॉट केले की पुढचा प्रश्न असा येतो, की तीन लॉटची तीन लोणची होऊ नयेत! त्यासाठी कोरडा मसाला तीनदा करायचा नाही, एकदाच करायचा. मोहरीची डाळ, तिखट, हळद, भाजून कुटलेली मेथी, हिंग हे ३० किलोचं सगळं एकत्र, म्हणजे ६ किलो ७५० ग्रॅम, कोरड्या भांड्यात कालवून दोनदा मोठ्या चाळणीतून काढायचं आणि मग प्रत्येक लॉटला २ किलो २५० ग्रॅम मोजून द्यायचं. मिरचीची दोन पोती वेगवेगळ्या तिखटपणाची निघाली किंवा बांधणी हिंगाचा नवा डबा जरा मिळमिळीत निघाला, तरी ते तीनही लॉटमधे सारखंच वाटलं जातं. मीठ मात्र या मसाल्यात घालायचं नाही. मीठ आधी फोडींना लागतं, आणि शिवाय मिठाचा दाणा जड असल्यामुळे डब्यात हलवाहलवीत तो तळाला जातो, मग परत तीच कहाणी.

मीठ लावायची पायरी ही दुसरी गोची. पूर्वी आम्ही सगळ्या फोडी चिरून होईपर्यंत थांबायचो आणि संध्याकाळी एकदम पिंपात मीठ-हळद लावून रात्रभर ठेवायचो. ३० किलो फोडींसाठी चाळीसएक किलो कैरी फोडावी लागते, आडकित्त्यावर दोघी बसल्या तरी सकाळपासून दुपार उलटते. तोवर सकाळच्या फोडी काळ्या पडून मऊ व्हायला लागलेल्या आणि दुपारच्या कडक. आणि पिंपात रात्रभरात खार खाली उतरतो, म्हणजे खालच्या फोडी खारात पोहतायत आणि वरच्या कोरड्या बसल्यात. पहिल्या पंचवीस बरण्या अळणी का होत्या त्याचं निम्मं उत्तर या पिंपातच होतं.

आता फोडी ५ किलो झाल्या की लगेच ९०० ग्रॅम मीठ आणि १०० ग्रॅम हळद लावायची (तेवढी हळद मसाल्यातून कमी करायची, हे विसरलं की लोणचं पिवळंजर्द, आमचं एकदा झालंय, आणि मसाला मग लॉटला २ किलो २५० ऐवजी २ किलो ५० होतो). ५ किलोचा एक पसरट टब, थर चार बोटांच्या वर नाही, झोपायच्या आधी एकदा आणि पहाटे एकदा तळापासून उलथायचं. टबावर चिठ्ठी, किती वाजता मीठ लावलं. दोन टब मिळून एक लॉट. दोन टब निवडताना सकाळचा एक आणि दुपारचा एक असे जोडायचे, म्हणजे कडक-मऊ फोडी तिन्ही लॉटला सारख्या वाटल्या जातात. हे सासूबाईंनी सुचवलं, मला सुचलं नव्हतं.

रात्रभरात सुटलेला खार आम्ही आता टाकत नाही. पूर्वी थोडा टाकायचो, "पाणी राहिलं तर लोणचं टिकत नाही" म्हणून. घरच्या तीन किलोत तो कपभर असतो, कोणाला फरक पडत नाही. पण मोठ्या बॅचला कोणी निथळून सगळा टाकते, कोणी अर्धा, आणि खाराबरोबर मीठ जातंच, मग तुम्ही ग्रॅममधे मोजलेल्या मिठाला अर्थ काय उरला? आमच्या प्रमाणात सगळा खार ठेवला तरी लोणच्यातल्या पाण्याच्या मानाने मीठ सतरा टक्क्यांच्या आसपास राहतं, वर कैरीचा आंबटपणा आहेच, त्यामुळे टिकायला अडचण आलेली नाही. मोहरीची डाळ त्यातलं बरंच पाणी पिते. ज्यांना खार काढायचाच असेल त्यांनी निदान प्रत्येक लॉटमधनं तोलून सारखा काढा.

तेलाची गंमत वेगळीच आहे. तीन किलोच्या लोणच्याला ९०० ग्रॅम तेल कडकडीत तापवलं की दोन-तीन तासांत हाताला गार लागतं. ९ किलो तेल एकाच पातेल्यात तापवलं तर? तेल दहापट झालं पण पातेल्याचा पृष्ठभाग, जिथून उष्णता बाहेर जाते, तो साडेचार पटीच्या आसपासच वाढतो. म्हणजे गार व्हायला दुपटीपेक्षा जास्त वेळ, आणि वरून हात लावला तर गार वाटतं पण मधे गरमच असतं. आम्ही एका वर्षी घाईत असंच ओतलं. फोडी शिजल्यासारख्या मऊ झाल्या, तिखटाचा रंग काळपट आला आणि लोणच्याला मोहरीचा झणका आलाच नाही. झणक्याचं कारण असं की मोहरीच्या डाळीला ओल लागल्यावर तिच्यातलंच एक एन्झाइम काम करून तो तिखट वास तयार करतं, आणि उष्णतेने ते एन्झाइम मरतं. गरम तेलात मोहरी पडली की ती नुसती पिवळी डाळ. म्हणून तेल आदल्या दिवशी संध्याकाळी तापवायचं, तीन पातेल्यांत तीन तीन किलो वाटून जाळी झाकून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाचा थर्मामीटर मधोमध बुडवून बघायचा. ४० अंशांच्या खाली असेल तरच ओतायचं. आमच्याकडे मेच्या उकाड्यात तेल रात्रभर ठेवूनसुद्धा सकाळी ३२-३३ असतं, ते चालतं.

आता भरणं, जिथे खरा घोळ होता. लॉटचं सगळं ३ किलो तेल लोणच्यात घालायचं नाही. निम्मं, दीड किलो, कालवताना घालायचं, निम्मं बाजूला. मग बरणी काट्यावर ठेवून शून्य करायची, ४५५ ग्रॅम लोणचं भरायचं आणि वरून ४५ ग्रॅम तेल सोडायचं. म्हणजे शंभर बरण्यांना वरचं तेल सारखंच मिळतं, कोणाच्या नशिबात पातेल्यातलं किती आलं हा विषयच नाही. दर चार-पाच बरण्यांनी परातीतलं लोणचं तळापासून उलथायचं, हे काम एकीचंच, तिने दुसरं काही करायचं नाही. भरून झाल्यावर लाकडी काडीने कडेकडेने दाबून अडकलेली हवा काढायची. आमच्या बरणीत ४५ ग्रॅम तेलाचा थर भरताना एक सेंटीमीटरच्या वर येतो आणि दोन-तीन दिवसांत फोडींमधे उतरून कमी होतो. एफएसएसएआयच्या नियमात तेलातल्या लोणच्यावर निदान अर्ध्या सेंटीमीटरचा तेलाचा थर, नाहीतर एकूण तेल निदान १० टक्के असं आहे. टक्क्यात आम्ही आरामात बसतो, पण साय टाळायची तर थरच हवा. म्हणून चौथ्या दिवशी सगळ्या बरण्या टेबलावर ओळीत मांडून डोळ्यांच्या पातळीला बघायच्या, फोडीचं टोक वर दिसलं की तेल टाकायचं. लेबलं त्यानंतर.

४५५ आणि ४५ हे आकडे माझ्या प्रमाणाचे आहेत. तुमचे काढायचे तर एकूण वजनात तेल किती टक्के ते बघा आणि त्याचं निम्मं वर द्या. आमचं तेल साडेसतरा टक्के, अर्ध्या किलोत ८८ ग्रॅम, त्याचं निम्मं ४४, मी ४५ धरते.

हिशोबाने एका लॉटच्या ३४ बरण्या व्हायला हव्यात. हाताला, परातीला, डावाला लागून जातं ते धरून ३३ विकायला निघतात आणि शेवटची जरा कमी भरलेली घरात राहते, लॉटचा नंबर लावून. तीन लॉटच्या ९९. शंभरावी कुठे गेली म्हणून मिस्टर दरवर्षी विचारतात.

हे सगळं केल्यावर पुन्हा टीडीएस मोजला, तिन्ही लॉटच्या पहिल्या, मधल्या, शेवटच्या अशा नऊ बरण्या. सगळ्यात कमी १२८०, सगळ्यात जास्त १३७०. खाऊन मला तरी फरक सांगता आला नाही. त्या वर्षी फस्सवाली एकही नाही. साय चार बरण्यांना आली आणि चारही शेवटच्या लॉटच्या, ज्याच्या बरण्या भर पावसात धुतल्या होत्या. म्हणजे आता राहिलेलं कारण ओल.

दहा बरण्या असताना सासूबाई प्रत्येक बरणी पदराने, म्हणजे स्वच्छ पंचाने पुसून उन्हात ठेवायच्या. शंभर बरण्या कोण पुसतंय, आम्ही धुऊन कपड्यावर उपड्या घातल्या. उपडी बरणी कपड्यावर घट्ट बसली की आतली वाफ आतच राहते, बाहेरून कोरडी दिसते आणि तळाच्या कडेला ओल असते. बरण्या निदान एक दिवस आधी धुवा, जाळीवर किंवा टेकवून तिरक्या ठेवा. ऊन नसेल तर ओव्हनमधे १०० ते ११० अंशांवर वीस मिनिटं, झाकणं नाही, नुसत्या बरण्या, आणि पूर्ण गार झाल्यावरच भरा. गरम बरणीत भरलं तर झाकणाच्या आत घाम धरतो आणि तो थेंब बरोब्बर तेलावर पडतो. ओलावा बघायची सोपी युक्ती, बरणीत कोरडा टिश्यू दाबून तळाच्या कडेने फिरवायचा. दहातल्या एकीत जरी टिश्यू ओला झाला तरी सगळ्या परत वाळवायच्या.

कैरीबद्दल थोडंच सांगते. आम्ही राजापुरी घेतो, मेच्या मध्यापासून पावसाच्या आधीपर्यंत. एकदा पाऊस पडला की कैरी पाणी धरते आणि काही आतून पिवळसर व्हायला लागलेल्या असतात. फोडताना आत पिवळी दिसली की ती बाजूला, मेथांबा करा, छुंदा करा, पण लोणच्यात नको. बाजारात किलोवर पैसे घेऊन कैरी फोडून देतात ते आम्ही मोठ्या ऑर्डरला करून बघितलं, पण त्यांचा आडकित्ता आणि पाट सतत ओला असतो आणि आधी कोणाच्या पिकलेल्या कैऱ्या फोडल्यात काय माहीत. त्या फोडी घरी आणून पंचावर तासभर पसराव्याच लागतात, मग वाचलेला वेळ तिथे जातो.

आता ज्यांची बॅच आधीच घालून झालीय आणि हे वाचून धाबं दणाणलंय त्यांच्यासाठी. बरण्या अजून घरात असतील, भरून आठवडाभरच झाला असेल आणि एकीलाही साय, बुडबुडे किंवा वेगळा वास नसेल, तर सरळ सगळ्या उघडा. १ ते १०० नंबर असतील तर सुरुवातीची एक, मधली एक, शेवटची एक असं करत कोरड्या परातीत १७ किलोपर्यंत काढा, तळापासून कालवा, वर सांगितल्यासारखं तोलून परत भरा आणि वरून ताजं गार केलेलं तेल द्या. बरण्या मात्र परत धुऊन वाळवलेल्या. आम्ही असं एकदा ५० बरण्यांचं केलंय, वेळ गेला पण माल वाचला. एखादीत जरी बुडबुडे दिसले तर ती या कालवणात घालू नका, एका बरणीपायी सगळं जाईल. केसाळ, हिरवी किंवा काळी बुरशी असेल तर वरचं काढून खालचं वापरू वगैरे काही नाही, टाकून द्या. गिऱ्हाइकाकडून परत आलेली उघडी बरणीसुद्धा कधीच परत कालवणात नाही, तिच्यात कोणाचा ओला चमचा गेलाय तुम्हाला काय माहीत.

एक मोठी मर्यादा. हे सगळं कैरीला चालतं कारण कैरी स्वतः भरपूर आंबट असते. हेच बघून कोणी लसणाचं किंवा हिरव्या मिरचीचं लोणचं दहापट करायला जाऊ नका. त्यात स्वतःचा आंबटपणा नसतो, लिंबाचा रस किंवा व्हिनेगर नीट मुरून पीएच ४.६ च्या खाली गेला नाही आणि वर तेलाचा थर बसला, तर आत हवा नसलेल्या जागी बोट्युलिझमचा जंतू वाढू शकतो, आणि त्याचं विष बरणीत आहे हे वासावरून किंवा चवीवरून कळेलच असं नाही. तिथे टीडीएस मीटर काही उपयोगाचा नाही, पीएच मोजायलाच लागतो आणि लॅबमधून तपासून घ्यायला लागतं.

वहीत आता मी लॉटमागे पाचच गोष्टी लिहिते. मीठ लावल्याची वेळ, ओततानाचं तेलाचं तापमान, मिरचीची आणि हिंगाची खरेदीची तारीख, तीन बरण्यांचं टीडीएस, आणि त्या दिवशी पाऊस होता का. यंदा दुसऱ्या लॉटचं रीडिंग बाकीच्यांपेक्षा दीडशेने जास्त आलं, तेव्हा वही उघडली तर एका टबाच्या चिठ्ठीवर दोघींची सही होती. दोघींनीही मीठ लावलं होतं, बहुतेक एकीने लावून दुसरीने वर थोडं "कमी वाटलं म्हणून". तो लॉट वेगळ्या लेबलाने घरच्या लोकांना वाटला आणि टबावर आता चिठ्ठीबरोबर मिठाची रिकामी पिशवीही ठेवतो. पिशवी रिकामी दिसली की दुसरीने हात लावायचा नाही.